नंबरप्लेटवरचा MH आणि पत्त्यातला MH: एकच की वेगळे?

सानपाडा_स्वाती
नमस्कार मंडळी. बहिणीने अमेरिकेतून सानपाड्याच्या पत्त्यावर पार्सल पाठवलं होतं. तीन आठवडे तिथल्या तिथेच फिरलं आणि परत तिच्या दारात आलं. तिने लेबलाचा फोटो पाठवला. घराचा नंबर आणि सेक्टर बरोबर आहेत, शेवटच्या ओळीत असं छापलंय:

```
NAVI MUMBAI, MH 400705, IN
```

तिच्या म्हणण्याप्रमाणे फॉर्ममध्ये राज्याचा रकाना दोनच अक्षरं घेत होता, म्हणून तिने गाडीच्या नंबरप्लेटवरचं MH टाकलं. हे चुकलं का? पत्त्यासाठी राज्याची वेगळी अक्षरं असतात का? आणि गाडीच्या MH 43 मधल्या 43 चा आमच्या पिनशी काही संबंध आहे का? पुढच्या आठवड्यात ती पुन्हा पाठवणार आहे, म्हणून घाई.

विंदा_वाशी
स्वातीताई, MH बरोबरच आहे. पोस्ट खात्याने सगळ्या राज्यांना दोन अक्षरी संक्षेप दिलेत आणि आरटीओने तेच उचलले. पिनमध्येही तसंच आहे. 400 म्हणजे मुंबई, मग 6 आला की ठाणे, 7 आला की नवी मुंबई. तुमचा 400705 म्हणजे नवी मुंबई, त्यामुळे पत्ता अचूक आहे. चूक तिकडच्या लोकांची.

टपालखुणा
विंदाताई, अर्धं बरोबर आहे, पण उलटं. MH पोस्टाने दिलेलं नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याच्या जरा आधी, जून १९८९ मध्ये, केंद्राने प्रत्येक राज्याला वाहन क्रमांकासाठी दोन अक्षरं नेमून दिली. तोवर आपल्याकडे M ने सुरू होणारे तीन अक्षरी क्रमांक होते, जुन्या स्कूटरवर अजून कुठे कुठे दिसतात. पत्त्यात MH लिहिण्याची सवय नंबरप्लेटवरून आली आणि नंतर ऑनलाइन फॉर्मनी ती पक्की केली.

पोस्टात टपालाची वाटणी पिनवर होते. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन आला, तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी माणूस आणि संस्कृतचे कवी. त्यात राज्याचं अक्षर ठेवलंच नाही, कारण पिनच्या सीमा राज्यांच्या सीमांवर चालत नाहीत. पहिला 4 म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड असा सगळा पट्टा. पहिले तीन अंक मिळून टपाल वाटणीचा जिल्हा ठरतो, शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट ऑफिस. गोव्याचा 403 आपल्या 400, 401, 402 च्या रांगेतच बसलाय.

6 म्हणजे ठाणे आणि 7 म्हणजे नवी मुंबई हाही बहुतेक वेळा जुळणारा अंदाज आहे, नियम नाही. सीबीडी बेलापूर बघा: 400614. आणि ठाणे जिल्हाही सगळा 400 मध्ये नाही. मीरा-भाईंदर 401 मध्ये आहे, कल्याण-डोंबिवली 421 मध्ये.

विंदा_वाशी
बेलापूरचा 614 माझ्या लक्षातच आला नाही. पण मग पत्ता तर बरोबरच होता ना? पिन असताना पार्सल परत का यावं?

टपालखुणा
पिन आपल्याकडे आल्यावर कामाला येतो. पार्सल अमेरिकेबाहेर पडलंच नसेल तर पिनचा काय उपयोग?

तिकडचं यंत्र पत्ता खालून वर वाचतं. शेवटच्या ओळीत आधी देश शोधतं. परदेशी पत्त्यासाठी त्यांचा नियम साधा आहे: देशाचं नाव पूर्ण, इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, शेवटच्या ओळीत एकटं. तिथे नुसतं IN असेल तर तो देश ठरत नाही, कारण अमेरिकी राज्यांच्या यादीत IN म्हणजे इंडियाना. आणि MH? तेही त्यांच्या यादीत आहे. प्रशांत महासागरातली मार्शल बेटं. तो वेगळा देश असला तरी तिथलं टपाल अमेरिकी टपाल खातंच देशांतर्गत म्हणून हाताळतं, झिप कोड 969 ने सुरू होतो.

म्हणजे तुमच्या बहिणीच्या ओळीत गाव, स्वल्पविराम, दोन अक्षरं, अंक असा हुबेहूब अमेरिकी देशांतर्गत पत्त्याचा साचा आहे. राज्य म्हणून त्यांना ओळखीचं MH आहे. अंक मात्र पाचाऐवजी सहा. शेवटचा अंक सोडून वाचलं तर 40070 उरतात आणि 400 ने सुरू होणारे झिप केंटकीत लुइव्हिलच्या आसपासचे आहेत. मार्शल बेटं, केंटकी आणि इंडियाना एकाच ओळीत. यंत्राने पत्ता अपुरा म्हणून बाजूला टाकला असेल तर त्यात नवल नाही.

कोपरीकर
हा गोंधळ फक्त MH चा नाही. आपल्या राज्यांची कितीतरी अक्षरं तिकडे भलत्याच अर्थाने चालतात. गोव्याचं GA म्हणजे जॉर्जिया. तामिळनाडूचं TN म्हणजे टेनेसी. मणिपूरचं MN म्हणजे मिनेसोटा. अरुणाचलचं AR म्हणजे आर्कान्सा, लडाखचं LA म्हणजे लुइझियाना. ओडिशाचं जुनं OR तर ओरेगॉन. त्यांनी स्वतःही असा घोळ निस्तरलाय. नेब्रास्काला आधी NB दिलं होतं, ते कॅनडातल्या न्यू ब्रन्स्विकशी भिडायला लागलं म्हणून १९६९ मध्ये NE केलं.

माझं मत: परदेशी पत्त्यात संक्षेप लिहूच नये. रकाना दोन अक्षरंच मागत असेल तर सरळ समजायचं की आपण चुकीच्या फॉर्मवर आहोत.

टपालखुणा
कोपरीकर, तुमचं शेवटचं वाक्य लाखमोलाचं. स्वातीताई, बहिणीला पावतीवरचा ट्रॅकिंग क्रमांक वाचून दाखवायला सांगा. त्यावरून नक्की कळेल.

टपालाने परदेशी जाणाऱ्या पार्सलचा क्रमांक जगभर एकाच साच्याचा असतो, एकूण तेरा खुणा. दोन अक्षरं, नऊ अंक, पुन्हा दोन अक्षरं. उदाहरणार्थ:

```
CP123456785US
```

पहिलं अक्षर सेवा सांगतं: C म्हणजे पार्सल, E म्हणजे जलद सेवा, R म्हणजे नोंदणीकृत. दुसरं अक्षर फक्त मालिकेचं. नऊ अंकांतला शेवटचा पडताळणीचा असतो, त्यामुळे टाइप करताना एक अंक चुकला तर क्रमांक सापडतच नाही. शेवटची दोन अक्षरं पार्सल कुठून निघालं तो देश सांगतात, कुठे चाललंय तो नाही. इथे बरेच जण फसतात. अमेरिकेहून येणाऱ्या पार्सलवर US असणार, आपण इथून स्पीड पोस्ट केलं तर IN.

तिच्या पावतीवर असा क्रमांक नसून अक्षरं नसलेला बावीस अंकी क्रमांक असेल, तर ते अमेरिकेतल्या अमेरिकेत जायचं म्हणून बुक झालं होतं. दुसरी खूण अशी की परदेशी पार्सलला आत काय आहे आणि किंमत किती हे लिहायचा सीमाशुल्काचा फॉर्म भरावाच लागतो. तो भरल्याचं तिला आठवत नसेल तर उत्तर मिळालंच.

खारघर_सेक्टर
थोडा वेगळा प्रश्न, पण MH 43 चाच आहे. गाडी MH 43 ची, घेतली तेव्हा नेरूळला राहत होतो. आता खारघरला घर घेतलंय. सोसायटीत एकाने सांगितलं की खारघर MH 46 मध्ये येतं, नंबरप्लेट बदलून घ्या, नाहीतर चलान येईल. पत्त्यात तर दोन्हीकडे नवी मुंबईच लिहितो! नंबर बदलायचा खर्च किती येतो?

आरटीओ_कट्टा
खारघरकर, नंबर बदलायचा नाही. खर्चाचा विषयच नाही.

तुमच्या सोसायटीतल्या गृहस्थांचं खारघरबद्दल बरोबर आहे. "नवी मुंबई" हे नाव दोन जिल्ह्यांवर पसरलंय. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं, तिथलं वाहन कार्यालय वाशीचं, MH 43. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात, म्हणून MH 46. पिनमध्येही तेच दिसतं: नेरूळ 400706, खारघर 410210. नाव एकच, पण टपालाचा विभागही वेगळा आणि वाहन कार्यालयही वेगळं.

पण नंबरप्लेटवरचा आकडा गाडीची पहिली नोंदणी कुठे झाली ते सांगतो, मालक आज कुठे राहतो ते नाही. राज्यातल्या राज्यात घर बदललं तर क्रमांक तोच राहतो. कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे तीस दिवसांत नवा पत्ता कळवायचा असतो. नवं घर दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत असेल तर त्या कार्यालयाला, म्हणजे तुमच्या बाबतीत पनवेलला. अर्ज परिवहन पोर्टलवर, फॉर्म ३३. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र लागतं, आणि लोक इथेच अडकतात. आरसीवरचा पत्ता बदलला की विम्याच्या कंपनीलाही कळवा.

गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तर मात्र तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. पनवेल अजून महाराष्ट्रात आहे, तेव्हा निश्चिंत राहा.

खोपट_प्रवासी
मग एसटीचं काय? खोपटला उभ्या असलेल्या ठाण्याच्या गाड्यांवर MH 14 आणि MH 20 बघितलेत. पिंपरी-चिंचवड आणि छत्रपती संभाजीनगर. त्या ठाण्यात का?

आरटीओ_कट्टा
वर लिहिलं त्याचंच हे उत्तम उदाहरण. एसटीची बांधणी महामंडळाच्या मध्यवर्ती कार्यशाळांमध्ये व्हायची: दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरजवळची हिंगणा. गाडी जिथे बांधली तिथेच नोंदवली. दापोडीची MH 14, चिकलठाण्याची MH 20, हिंगण्याची MH 40. मग ती ठाण्यात धावो की चिपळूणला. जाणकार प्रवासी आकडा बघून गाडी कुठल्या कार्यशाळेची ते सांगतात.

विंदा_वाशी
आणि मधली अक्षरं? MH 43 नंतर AB वगैरे असतं त्याचा अर्थ काय? माझ्या माहितीप्रमाणे त्यावरून गाडीचा प्रकार कळतो. आणि हल्ली 22 BH अशा गाड्या दिसतात, त्या बिहारच्या ना? आमच्या बिल्डिंगमध्येच दोन आहेत.

आरटीओ_कट्टा
विंदाताई, बिहारचं अक्षर BR. BH म्हणजे भारत. ही मालिका सप्टेंबर २०२१ पासून आहे, ज्यांची बदली राज्याराज्यांत होते त्यांच्यासाठी: संरक्षण दल, सरकारी नोकर, किंवा चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपनीतले लोक. तिची मांडणी उलटी असते:

```
22 BH 1234 AA
```

आधी नोंदणीचं वर्ष, मग BH, मग चार अंक, शेवटी मालिकेची अक्षरं. जिल्हा त्यात नाहीच, तोच तर हेतू आहे. कर एकदम पंधरा वर्षांचा न भरता दोन दोन वर्षांचा भरायचा. त्यामुळे खासगी वापराची जुनी BH गाडी घेताना पुढचा कर कधीपर्यंत भरलाय ते आधी बघा.

मधल्या अक्षरांचं म्हणाल तर आपल्याकडे ती नुसती मालिका आहे. 9999 पर्यंत क्रमांक संपले की पुढचं अक्षर. I आणि O वापरत नाहीत, 1 आणि 0 शी गल्लत होते म्हणून. दुचाकी, कार आणि मालवाहू गाड्यांसाठी कार्यालयं वेगळ्या मालिका उघडतात, म्हणून सवयीच्या माणसाला अक्षरांवरून प्रकाराचा अंदाज येतो. तुमची समजूत तिथूनच आली असणार. पण अक्षरालाच अर्थ असलेलं राज्य म्हणजे दिल्ली:

```
DL 3C AB 1234
```

इथे 3 हा विभाग आणि C म्हणजे कार. दुचाकीला तिथे S असतो. पुढचं AB पुन्हा मालिका.

टाइप करताना याचा फरक पडतो. चलान बघताना किंवा फास्टॅगसाठी ठाण्याची गाडी MH04AB1234 अशीच टाकायची, शून्यासकट. MH4 टाकलं तर गाडी सापडत नाही. दिल्लीची मात्र DL3CAB1234, तिथे 03 टाकलं तर सापडत नाही. आणि 04 मधलं शून्य हे शून्यच टाका, O अक्षर नको. "रेकॉर्ड सापडत नाही" या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

सानपाडा_स्वाती
टपालखुणा, बहिणीशी बोलले. क्रमांक बावीस अंकी आहे, एकही अक्षर नाही. सीमाशुल्काचा फॉर्म भरला नव्हता. घराजवळच्या एका पार्सल दुकानात दिलं होतं आणि तिथल्या माणसाने संगणकावर पत्ता टाकला. देशाचा रकाना तिने बघितलाच नाही. मग आता नेमकं काय लिहायचं?

टपालखुणा
म्हणजे कोडं सुटलं. बुकिंगच देशांतर्गत झालं होतं, म्हणूनच राज्याचा रकाना दोन अक्षरं मागत होता. मूळ चूक देश न निवडण्याची. MH आणि IN ने ती झाकली, कारण दोन्ही त्यांच्या यादीत सापडली. तिथे "महाराष्ट्र" पूर्ण लिहायला गेली असती तर फॉर्मने नकार दिला असता आणि चूक तिथेच कळली असती.

आता क्रम असा ठेवा. आधी देश म्हणून India निवडायचा, बाकीचं नंतर. देश बदलला की राज्याचा रकाना मोकळा होतो, किंवा भारतीय राज्यांची यादी उघडते. मग लेबल छापून झाल्यावर चिकटवण्याआधी हे असं दिसतंय का ते बघायचं:

```
Flat 302, B Wing
Sector 5, Sanpada
NAVI MUMBAI 400705
MAHARASHTRA
INDIA
```

घेणाऱ्याचं नाव वर, त्याखाली मोबाइल नंबर. पिन गावाच्या ओळीतच राहू द्या आणि सहाही अंक सलग, 400 705 असं तोडू नका, म्हणजे पाच अंक वाचून थांबायची शक्यता कमी. शेवटच्या ओळीत INDIA खेरीज काही नको. पावती हातात आली की तेरा खुणा आणि शेवटी US दिसतंय का ते काउंटरवरच तपासायचं. हे टपालाने पाठवलं तर. खासगी कुरियरचे क्रमांक त्यांचे त्यांचे असतात, तिथे पावतीवर देशाचं नाव वाचा.

कोपरीकर
राज्याची ओळच नको असं मला वाटतं. पिन आणि देश पुरेसा आहे. जितक्या ओळी कमी तितकी चूक कमी.

टपालखुणा
पिनचा एक अंक चुकला तर राज्य आणि गाव यांवरूनच माणूस वाट शोधतो. 410206 आणि 401206 यांत दोन अंकांची अदलाबदल झाली की पार्सल पनवेलऐवजी वसई-पालघरच्या बाजूला जातं. दोन्ही महाराष्ट्रात असल्याने तिथे गावाचं नाव वाचवतं, हे मान्य. पण पहिलाच अंक चुकला तर राज्याची ओळ कामाला येते. मी ती ठेवेन.

कोपरीकर
तुमचा मुद्दा पटतो, पण मग राज्य पूर्णच लिहावं. उत्तराखंडचं UA बदलून UK झालं, ओडिशाचं OR जाऊन OD आलं, तेलंगणाचं TS होतं ते मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना TG. जुन्या प्लेटा तशाच चालतात, त्यामुळे रस्त्यावर दोन्ही दिसतात आणि संगणकांच्या याद्यांत कुठे जुनं, कुठे नवं. शिवाय UK पत्त्यात लिहिलं की परदेशी माणूस इंग्लंडच समजणार. जीएसटीवाल्यांनी अक्षरांच्या भानगडीत न पडता अंक घेतला, महाराष्ट्र म्हणजे 27, ते बरं केलं.

खारघर_सेक्टर
आरटीओ_कट्टा, आभारी आहे. पनवेलला अर्ज करतो. एक राहिलं: आरसीवर पत्ता "नवी मुंबई" लिहायचा की "पनवेल"? पोस्टमन दोन्ही पोचवतो.

आरटीओ_कट्टा
आधार किंवा वीजबिलावर जे आहे तेच अक्षरशः. पुराव्यात नवी मुंबई आणि अर्जात पनवेल असं झालं तर अर्ज परत येऊ शकतो. पिन 410210 आणि तालुका पनवेल मात्र नीट भरा.

विंदा_वाशी
मला वाटतं खारघरवाल्यांनी पनवेलच लिहावं, नवी मुंबई म्हणजे वाशी-नेरूळ.

खारघर_सेक्टर
विंदाताई, सिडकोने वसवलं तेव्हा आम्हीही नवी मुंबईच होतो. यावर वेगळा धागा काढू.

सानपाडा_स्वाती
लेबलाचा नमुना बहिणीला पाठवला. या वेळी ती स्वतः पोस्टात जाऊन देश बघून बुक करणार आहे. पावती आली की क्रमांक इथे टाकते, मधले अंक झाकून.